पोलादाची कठिणता: आकड्यामागची भट्टी

सी-४५ हे सुमारे ०.४५ टक्के कार्बनचे पोलाद शाफ्ट, पिना, बोल्ट अशा कामांना नेहमी वापरले जाते. त्याच्या एकाच सळईचे तुकडे कापून, ८५० अंश सेल्सिअसला तापवून वेगवेगळ्या प्रकारे थंड केले, तर साफ केल्यावर ते दिसतात सारखेच, पण त्यांची कठिणता एकमेकांपासून फार दूर असते. उष्णोपचाराच्या अहवालात हे अंतर नुसते नोंदवून भागत नाही, ते कशामुळे पडले हेही सांगावे लागते.

८५० अंशांना पोलादातला कार्बन लोखंडात पूर्ण विरघळलेला असतो. तुकडा हवेत सावकाश निवला की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते आणि फेराइटबरोबर पर्लाइट ही थरांची मऊसर रचना बनते. पाण्यात बुडवल्यावर ती सवडच मिळत नाही. कार्बन आतच अडकतो, लोखंडाच्या अणूंची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होतो. तो अतिशय कठीण असतो आणि तितकाच ठिसूळही. टेंपरिंगमध्ये तुकडा पुन्हा मर्यादित तापवला की अडकलेला कार्बन बारीक कार्बाइड कणांच्या रूपाने सुटतो; कठिणता उतरते, चिवटपणा वाढतो.

मोजणी बहुधा रॉकवेल यंत्रावर होते. सी मापात हिऱ्याचा शंकू आधी १० किलोच्या भाराने टेकवतात, मग एकूण भार १५० किलोपर्यंत नेतात आणि पुन्हा १० वर आणून खड्ड्याची वाढलेली खोली मोजतात. दर ०.००२ मिलिमीटरला १०० मधून एक अंक वजा होतो. म्हणजे ५६ एचआरसी वाचन देणारा खड्डा ०.०८८ मिलिमीटर खोल असतो. इतक्या बारीक मापात भट्टीची खपली किंवा तुकड्याखालची धूळसुद्धा आकडा पाडते. म्हणून पृष्ठभाग घासून सपाट करतात, दोन खड्ड्यांमध्ये खड्ड्याच्या व्यासाच्या तिप्पट तरी अंतर ठेवतात आणि इंडेंटर बदलल्यावरचे पहिले वाचन सोडून देतात.

२० मिलिमीटर व्यासाच्या तुकड्यांवर साधारण असे चित्र दिसते. हवेत निवलेला तुकडा ९० एचआरबीच्या आसपास भरतो, पाण्यातला ५५ ते ५७ एचआरसी. पाण्यातून काढलेले तुकडे तासभर टेंपर केले, तर २०० अंशांना सुमारे ५३, ४०० ला ४३ आणि ६०० ला २७ एचआरसी उरतात. इथे पहिली चूक अहवालातच होते: ९० हा आकडा ५६ पेक्षा मोठा दिसला, तरी बी मापात इंडेंटर आणि भार दोन्ही वेगळे असतात. तुलना करायची तर रूपांतर तक्त्यावरून दोन्ही विकर्समध्ये आणावेत. तिथे ९० एचआरबी सुमारे १८५ आणि ५६ एचआरसी सुमारे ६१० ठरते. पाण्याने कठिणता तिपटीहून अधिक वाढवली हे तेव्हा उघड होते.

सरासरीइतकेच लक्ष वाचनांच्या पसाऱ्याकडे द्यायला हवे, आणि अहवालांत नेमके तेच राहून जाते. पाण्यातल्या तुकड्यावर ५६, ५७, ४७, ५६ अशी वाचने आली, तर ५४ ही सरासरी कोणाचीच खरी नसते. ४७ च्या जागी दोन कारणे संभवतात. एक म्हणजे भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळून गेला. दुसरे, पाण्यात त्या जागी वाफेचा बुडबुडा चिकटून राहिला आणि थंड होणे मंदावले. ती जागा अर्धा मिलिमीटर, तापू न देता, घासून पुन्हा मोजावी. आकडा ५६ वर चढला तर कार्बन गेला होता. ४७ च्या जवळच राहिला तर दोष थंड करण्यात आहे.

सगळ्यात फसवा आकडा २७ ते ३० च्या पट्ट्यातला. पूर्ण कठीण करून ६०० अंशांना टेंपर केलेला तुकडा इथे येतो, आणि तेलात अर्धवट कठीण झालेला, टेंपर न केलेला तुकडाही इथेच येऊ शकतो. पहिल्यात बारीक कार्बाइडची एकसारखी, चिवट रचना असते. दुसऱ्यात पर्लाइटमध्ये मार्टेन्साइटचे ठिसूळ ठिपके असतात, म्हणून धक्का सोसणाऱ्या शाफ्टला तो चालत नाही. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर घासून-चकाकवून, नायटलने खोदलेला पृष्ठभाग फरक दाखवतो. नसेल तर दोन्ही तुकडे नव्याने ८५० अंशांना तापवून पाण्यात थंड करून उपयोग नाही, कारण त्यात आधीची रचनाच पुसली जाते. तुकडा कापून कडेपासून मध्यापर्यंत वाचने घ्यावीत: अर्धवट कठीण तुकड्यात ती बहुधा आत उतरत जातात, टेंपर केलेल्यात हा उतार बराच सौम्य असतो.

म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी तापमान, भट्टीत धरलेला वेळ, थंड करण्याचे माध्यम, टेंपरिंगचे तापमान आणि तुकड्याची जाडी लिहिलेली असावी. जाडी विसरू नये: ६० मिलिमीटरच्या सी-४५ सळईचा गाभा पाण्यातही पूर्ण कठीण होत नाही, आणि २० मिलिमीटरच्या तुकड्यावरचे आकडे तिला लावता येत नाहीत.