सोळा चौकटी आणि एक पेन्सिल

औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत ‘कसे करावे’ छापाच्या पुस्तकांचा एक कप्पा हमखास असतो. शेळीपालन, शिवणकाम, मसाले, मत्स्यपालन, ठिबक सिंचन. प्रस्तुत लेखकाला या कप्प्याचा वीसेक वर्षांचा नाद आहे. रद्दीवाल्याकडे अशी जुनी पुस्तकं मिळाली, तर तो आधी प्रकरणाच्या शेवटचा ‘स्वाध्याय’ उघडून बघतो. बहुतेक ठिकाणी ते पान कोरंकरकरीत असतं. पेन्सिलीची रेघ नाही, तेलाचा डाग नाही, मातीचं बोट नाही. म्हणजे पुस्तक वाचलं गेलं, पण कामाला लागलं नाही.

या परंपरेचा इतिहास थोडक्यात उरकू. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१०चं आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७०ची. यातल्या ‘रुचिरा’पाशी मात्र थांबायलाच हवं. कमलाबाईंनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. प्रत्येक घरची वाटी वेगळी, असा आक्षेप कुणी घेईल. पण एका पदार्थाला एकच वाटी वापरली की प्रमाण जुळतं. वाचकाच्या हाताशी जे आहे त्यातच माप द्यायचं, ही त्यातली खरी युक्ती. वजनकाटा आणायला सांगणारं पुस्तक पहिल्याच पानावर निम्मे वाचक गमावतं.

शहरातल्याच एका निवृत्त कृषी पर्यवेक्षकांनी मोसंबी बागायतदारांसाठी ठिबकाचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. (पैठण रोडवर कांचनवाडीला ‘वाल्मी’ १९८०पासून आहे, पाणी कसं द्यावं यावर बोलणाऱ्यांची या शहरात वाण नाही.) देखभालीच्या प्रकरणाचा खर्डा बावीस पानांचा होता. शेवटी दहा प्रश्न. पहिलाच प्रश्न, ‘ठिबक संच चोंदण्याची कारणे सविस्तर लिहा.’ लेखकाने विचारलं, “साहेब, हे उत्तर लिहून मोसंबीला किती पाणी जास्त मिळणार?” साहेब हसले, आणि खर्डा उलटा करायला बसले.

उलटा म्हणजे अक्षरशः उलटा. प्रकरण संपल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय असलं पाहिजे, हे आधी ठरवलं. उत्तर असं निघालं, की आपल्या बागेत प्रत्येक झाडाला सारखं पाणी पडतंय का, आणि नसेल तर कुठे कमी पडतंय, हे त्याला स्वतः मोजून सांगता आलं पाहिजे. मग त्या मोजणीला जेवढी माहिती लागते तेवढीच आधी ठेवली. बावीस पानांची नऊ झाली.

आता ती मोजणी. बागेतल्या चार नळ्या निवडायच्या: पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर सुरुवातीचा, शेवटचा आणि मधले दोन असे चार ड्रिपर. एकूण सोळा जागा. प्रत्येक ड्रिपरखाली ३६ सेकंद भांडं धरायचं. छत्तीसच का? तासात ३६०० सेकंद, त्याचा शंभरावा भाग ३६. त्यामुळे भांड्यात ४० मिली पाणी आलं, तर तासाला ४००० मिली, म्हणजे ४ लिटर. गुणाकार डोक्यातल्या डोक्यात होतो. ही ३६ सेकंदांची गंमत मूळ खर्ड्यात तळटीपेत दडलेली होती! ती ओढून पहिल्या पायरीत आणली.

पुस्तकात सोळा चौकटींचा कोरा तक्ता छापला, आणि शेजारी तसाच एक भरलेला. ४ लिटरच्या ड्रिपरचा हा नमुना:

पहिली नळी: ४१, ४०, ४०, ३८
दुसरी: ४०, ३९, ३८, ३६
तिसरी: ३९, ३८, ३६, ३२
शेवटची: ३७, ३५, ३०, २५

सोळा आकड्यांची बेरीज ५८४, सरासरी ३६.५. सगळ्यांत कमी चार आकडे २५, ३०, ३२ आणि ३५. त्यांची सरासरी ३०.५. दुसरीला पहिलीने भागून शंभराने गुणलं की सुमारे ८४ टक्के येतात. नव्वदच्या वर उत्तम, ऐंशी ते नव्वद ठीक, सत्तरच्या खाली गेलं तर काम निघालं. हा संच पास आहे. पण तक्त्याकडे नुसतं पाहिलं तरी दिसतं, की पाणी शेवटच्या नळीच्या टोकाला आटतंय. तिथली टोपी काढून नळीतून पाणी सोडायचं आणि आधी गढूळ येतं का ते बघायचं. सगळेच आकडे सारखे उतरले असते, तर संशय फिल्टरवर किंवा दाबावर गेला असता. मध्येच कुठेतरी एखाददुसरा घसरला असता, तर तेवढे ड्रिपर चोंदलेत. भरलेला तक्ता हवा तो यासाठी. मागच्या पानावर ‘उत्तरे’ देता येत नाहीत, कारण प्रत्येक बागेचं उत्तर वेगळं. पण आकडे कसे वाचायचे हे दाखवता येतं.

मजकुराभोवतीच्या चौकटींवरून मात्र दोघांचं वाजलं. साहेबांना चौकटी आवडत. क्षार काढायला नळ्यांत आम्ल सोडतात, त्या भागातला ‘आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही’ हा इशारा त्यांनी देखण्या रंगीत चौकटीत टाकला होता. लेखकाचं मत साफ उलटं. चौकट म्हणजे वाचकाने वगळली तरी चालेल असा मजकूर. वाचक पायऱ्यांच्या आकड्यांमागून जातो, बाजूला बघत नाही. पाणी आम्लात ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं; ही गोष्ट वगळून चालणारी नाही. इशारा पायरीत गेला, तोही ओतण्याच्या आधीच्या. चौकटीत ड्रिपरच्या प्रकारांची माहिती राहिली.

योग्य जागी तपासणी कशी घालावी याचा लेखकाचा आवडता नमुना डेव्हिड वर्नर यांच्या पुस्तकात आहे. मेक्सिकोतल्या डोंगराळ खेड्यांसाठी स्पॅनिशमध्ये १९७३ला आणि इंग्रजीत १९७७ला आलेलं हे पुस्तक डॉक्टर नसलेल्या गावांसाठी आहे. जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते सांगताना, साखर घालण्याआधी मीठपाणी चाखा, ते अश्रूंपेक्षा खारट नको, अशी खूण त्यात आहे. साखर पडल्यावर खारटपणा जिभेला नीट कळणार नाही. चूक सुधारता येते त्याच क्षणी खूण आली, आणि मोजायला काही आणावंही लागलं नाही.

उरली तपासयादी. ती आणि स्वाध्याय यांची गल्लत नेहमी होते. सोळा चौकटींची मोजणी शिकण्यासाठी, म्हणून ती सावकाश आणि समजावून. तपासयादी ज्याला काम येतं त्याच्यासाठी, विसरू नये म्हणून. विमानचालकांच्या याद्यांची सुरुवात १९३५च्या बोइंग अपघातानंतर झाली; तो वैमानिक चांगला मुरलेला होता, उड्डाणाआधी एक कुलूप सोडायचं राहिलं. साहेबांच्या यादीत तेवीस कलमं होती, त्यांत ‘फिल्टर स्वच्छ ठेवावा’ हेही. स्वच्छ म्हणजे किती? ते बदलून ‘फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या मीटरमधला फरक ०.५ किलोपेक्षा कमी आहे का?’ असं केलं. मीटर बघायचा, हो किंवा नाही म्हणायचं. तेवीसची सहा झाली, आणि ती पुस्तकाच्या शेवटी वेगळ्या जाड पानावर गेली, कापून मोटरच्या पेटीत चिकटवता यावीत म्हणून.

मग साहेबांनी प्रकरणाची झेरॉक्स पैठणजवळच्या एका बागायतदाराला दिली आणि स्वतः बांधावर गप्प बसून राहिले. गप्प बसणं फार अवघड गेलं, असं ते सांगतात. चौथ्या मिनिटाला घोडं अडलं: मजकुरात ‘मोजपात्र घ्या’ लिहिलं होतं, आणि मोजपात्र कुणाच्या घरी असतं? बागायतदाराने घरातून वाटी आणली आणि गोठ्यातून जनावरांना औषध पाजायची २० मिलीची सिरिंज. वाटीतलं पाणी सिरिंजने ओढलं, दोनदा भरली की ४० मिली. आता पुस्तकात तसंच छापलं आहे. कमलाबाई असत्या तर त्यांनी पहिल्याच खर्ड्यात वाटी लिहिली असती.

तक्ता परत आला तेव्हा त्यातल्या पाच चौकटी वाचताच येईनात. ओल्या हाताने बॉलपेन फिरवल्यामुळे शाई पसरली होती. पहिल्या पायरीच्या सामानात, वाटी आणि सिरिंजच्या खाली, साहेबांनी आणखी एक शब्द जोडला: पेन्सिल.