पन्नाशीत ड्रोन पायलट सर्टिफिकेट: फी वसूल होते का?

माझं जळगावात मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. वय ५०. केळीच्या बागांवर ड्रोनने फवारणी होताना पाहिली आणि वाटलं, हे आपणही शिकावं.

आधी नियम पाहू. रिमोट पायलट सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी पास लागतं. सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. म्हणजे मला अजून मुभा आहे. पण प्रत्येक ड्रोनला ते लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सूट आहे. धुळ्याचा माझा मित्र लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याचं काम नॅनो ड्रोनवर भागतं, मग त्याने ही फी कशाला भरायची? फवारणीचा ड्रोन मात्र बराच जड. टाकी भरल्यावरच्या वजनावर त्याचा वर्ग ठरतो. २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल. तुम्ही ज्या वर्गाचं ट्रेनिंग घ्याल, तोच सर्टिफिकेटवर येतो. म्हणून पैसे भरण्याआधी वर्ग विचारा, आणि संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का तेही तपासा.

आता हिशोब. मला फी सांगितली ५० हजार. राहणं-जेवण ६ हजार. ७ दिवस दुकान बंद, रोजचे दीड हजार धरले तर साडेदहा हजार. एकूण ६६,५००. दुसऱ्याच्या ड्रोनवर काम केलं तर एकरी १५० रुपये मिळणार होते. दिवसाला १५ एकर धरले, पेट्रोलचे २५० वजा केले, तर ३४ दिवसांत सगळे पैसे परत. भारीच की!

पण फी भरण्याआधी दोन दिवस यावलला एका फवारणीवाल्याबरोबर गेलो. ड्रोनला हात लावला नाही, फक्त बॅटऱ्या आणि पाणी वाहिलं. १० लिटरची टाकी साधारण एका एकरात संपते. मग उतरवा, भरा, बॅटरी बदला. दहानंतर वारा सुटला की औषध शेजारच्या वावरात जातं, म्हणून काम थांबतं. दिवसाला झाले ९ एकर. मालक म्हणाला, "भाऊ, बॅटरी चार्ज व्हायला लागणारा वेळ कुणी धरतच नाही."

अजून एक भानगड. हातातली स्क्रीन जवळ, ड्रोन लांब, आणि तो नजरेआड होऊ द्यायचा नाही. माझा फक्त वाचायचा चष्मा. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा ६ हजारांचा. तरुणांना हा खर्च नाही, मला आहे!

नवा हिशोब: ९ एकरांचे १,३५०, पेट्रोल जाऊन १,१००. ७२,५०० वसूल व्हायला ६६ दिवस. मालकाच्या वहीत मागच्या हंगामात काम ३४ दिवस. म्हणजे पैसे परत यायला जवळजवळ दोन हंगाम. काम सकाळचं असल्याने दुपारी दुकान उघडता येतं, म्हणून मी फी भरली. दिवस २० च भरले असते, तर नसती भरली. स्वतःचा ड्रोन घ्यायचा विचार मात्र सध्या बंद. तो लाखांचा खर्च आहे, आणि ३४ दिवसांच्या कामावर त्याचा हप्ता मला तरी झेपणार नाही.