पदवीचं नाव बदलू नये, तिची लांबी सांगावी

समजा, फ्रान्समधल्या लिओं शहरात राहणारी एक बाई आहे. वय पंचेचाळिशीच्या आसपास, काम संग्रहालयातल्या जुन्या कागदपत्रांचं. तिला लंडनमधल्या एका नोकरीसाठी अर्ज करायचा आहे आणि आपला फ्रेंच सीव्ही इंग्रजीत हवा आहे. अनुभवाचा भाग फारसा त्रास देत नाही. अडतं ते शिक्षणाच्या चार ओळींपाशी. २००० साली ‘दग’, २००१ साली ‘लिसांस’, २००२ साली ‘मेत्रीझ’ आणि २००३ साली ‘देस’. चारही पदव्या लिओंच्याच विद्यापीठाच्या, पहिल्या तीन इतिहासातल्या आणि शेवटची वारसा-व्यवस्थापनातली.

शब्दकोश उघडून बसलं तर काम दहा मिनिटांचं आहे. दग म्हणजे डिप्लोमा, लिसांस म्हणजे बॅचलर्स, मेत्रीझ म्हणजे मास्टर्स, देस म्हणजे पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा. चारही शब्द इंग्रजीत शोभून दिसतात. लंडनचा वाचणारा मात्र त्यातून वेगळीच बाई उभी करतो. त्याला दिसतं की हिने २००० साली कसलासा डिप्लोमा केला, मग एकाच वर्षात बॅचलर्स उरकलं, पुढच्याच वर्षी मास्टर्स मिळवलं आणि त्यानंतर खाली उतरून पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा केला. ब्रिटनमध्ये पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा मास्टर्सपेक्षा एक पायरी खालचा असतो. म्हणजे तिची सगळ्यात वरची पदवी खाली गेली, तिच्या आधीची वर चढली आणि तीन वर्षांचा अभ्यास एका वर्षाचा झाला. यात कुणी खोटं बोललेलं नाही, तरी चारही ओळी दिशाभूल करणाऱ्या झाल्या.

हे का होतं, ते कळायला फ्रान्समधली जुनी व्यवस्था पाहावी लागते. तिथे शाळा संपताना ‘बाकालोरेआ’ नावाची परीक्षा असते. बोलताना सगळे नुसतं ‘बाक’ म्हणतात आणि पुढचं सारं शिक्षण तिच्यापासून मोजतात. ‘बाक अधिक तीन’ म्हणजे त्या परीक्षेनंतर तीन वर्षांचं शिक्षण. जुन्या रचनेत पहिल्या दोन वर्षांनी दग मिळे, आणखी एका वर्षाने लिसांस, चौथ्या वर्षी मेत्रीझ आणि पाचव्या वर्षी दोन वाटांपैकी एक. व्यवसायाकडे जाणाऱ्याला देस, संशोधनाकडे वळणाऱ्याला ‘देआ’. १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर पदव्यांची चौकट एकसारखी करण्याचं ठरलं आणि फ्रान्सने २००२पासून नवी रचना आणायला सुरुवात केली. आता लिसांस तीन वर्षांची, त्यावर दोन वर्षांची ‘मास्तेर’ आणि मग डॉक्टरेट. लिसांसला युरोपीय पद्धतीचे १८० श्रेयांक, मास्तेरला त्यावर आणखी १२०.

म्हणून कागदावरचं साल आधी पाहायचं. लिसांस हा शब्द दोन्ही काळांत तोच आहे आणि पातळीही तीच, बाक अधिक तीन. पण जुन्या सीव्हीत ती एका वर्षाची दिसते, कारण आधीची दोन वर्षं दगच्या नावावर जमा झालेली असतात. मेत्रीझचा फसवेपणा जास्त घातक आहे. नावात ‘मास्टर’चा नाद आहे, पण ती चौथ्या वर्षाची पदवी. आजच्या मास्तेरच्या बरोबरीला बसतात त्या पाचव्या वर्षाच्या देस आणि देआ.

आता त्या बाईच्या ओळी पुन्हा लिहू. सगळ्यात वर शेवटची पदवी. फ्रेंच नाव आहे तसं, तिरक्या अक्षरांत ठेवायचं. त्यापुढे इंग्रजीत विषय आणि मग एक छोटं स्पष्टीकरण: ही व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असून विद्यापीठातल्या एकूण पाच वर्षांच्या शिक्षणानंतर मिळते. त्याखाली मेत्रीझ, स्पष्टीकरण असं की ही लिसांसनंतरच्या एका वर्षाची, म्हणजे चौथ्या वर्षाची पदवी. त्याखाली दग आणि लिसांस एकाच ओळीत, १९९८ ते २००१, आणि स्पष्टीकरण की ही विद्यापीठाची पहिली पदवी, तीन वर्षांची. विद्यापीठाचं नाव फ्रेंचच राहील, शहर आणि देश जोडायचा. कुठेही ‘इक्विव्हॅलंट टू’ हे शब्द नाहीत. लंडनमधल्या माणसाला आता वर्षं मोजता येतात आणि पायऱ्या कुठल्या क्रमाने चढल्या तेही दिसतं. ही पदवी आपल्याकडच्या कशाच्या जोडीला बसते, हे ठरवायचा अधिकार त्याचा. तो भाषांतरकाराने स्वतःकडे घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आक्षेप असा येतो की लिसांस तीन वर्षांची आणि इंग्लंडची बॅचलर्सही बहुधा तीन वर्षांचीच, मग सरळ तसं लिहिलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की इंग्रजी वाचणारा देश एक नाही. अमेरिकेत बॅचलर्स चार वर्षांची असते. तीन वर्षांचं बीए किंवा बीकॉम घेऊन अमेरिकेत एमएसला अर्ज करणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना हा अनुभव आहे. कुठे ती पदवी चालते, कुठे एका वर्षाची तूट काढली जाते. लिसांसचंही तसंच होतं. सीव्हीत ‘बॅचलर्स’ लिहिलं की वाचणारा चार वर्षं गृहीत धरतो आणि पुढे गुणपत्रिका हातात आल्यावर उमेदवारावरच संशय घेतो. ‘तीन वर्षांची पहिली विद्यापीठीय पदवी’ असं लिहिलेलं असेल तर तसा प्रसंगच येत नाही.

दुसरीकडे, लिसांसचं ‘लायसन्स’ करणारेही कमी नाहीत. विषय इतिहास असेल तर वाचणारा नुसता गोंधळतो. विषय कायदा असेल तर मोठा अनर्थ होतो. कायद्यातली लिसांस इंग्रजीत ‘लायसन्स इन लॉ’ झाली की ती वकिलीची सनद वाटते. फ्रान्समध्ये ती मिळवणाऱ्याला वकील व्हायला त्यापुढे अजून शिकावं लागतं, मग वकिलीच्या प्रशिक्षण केंद्राची प्रवेश परीक्षा, प्रशिक्षण आणि शेवटची परीक्षा. तिला ‘एलएलबी’ म्हणणंही धोक्याचं. एलएलबी म्हटलं की इंग्लंडमधला किंवा मुंबईतला वाचणारा इंग्रजी परंपरेचा कायदा शिकलेला माणूस डोळ्यांसमोर आणतो. हा विद्यार्थी मात्र नेपोलियनच्या काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेवर शिकलेला असतो. इथे ‘कायद्यातली तीन वर्षांची विद्यापीठीय पदवी, फ्रान्स’ एवढंच इंग्रजीत लिहावं.

नव्या सीव्हींचे प्रश्न वेगळे आहेत. ‘मास्तेर’ ही सरकारमान्य राष्ट्रीय पदवी आहे. पण त्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द फ्रान्सच्या बाजारात फिरतो. लिहिताना त्याच्या शेवटी एक जास्तीचा ‘ई’ असतो आणि आधीच्या ‘ई’वर एक तिरपी रेघ. ‘मास्तेर स्पेसियालिझे’मधला तो शब्द म्हणजे ग्रांद एकोल संस्थांच्या परिषदेची खूणपट्टी. तो साधारणपणे बाक अधिक पाचनंतरच्या विशेष अभ्यासाला मिळतो. खासगी शाळाही आपापल्या अभ्यासक्रमांना हाच शब्द लावतात, त्यातल्या अनेकांमागे राष्ट्रीय पदवी नसते. कानाने ऐकून टाइप केलेल्या सीव्हीत हा फरक हरवतो, म्हणून प्रमाणपत्राची प्रत मागावी. ‘बॅचलर’चंही तसंच. हा इंग्रजी शब्द आज फ्रान्समधल्या अनेक खासगी शाळा आपल्या अभ्यासक्रमाला देतात, पण म्हणून तो राष्ट्रीय लिसांस ठरत नाही. प्रमाणपत्रावर ‘राष्ट्रीय पदविका’ असे शब्द आहेत का, ते पाहायचं. बऱ्याच विद्यार्थ्यांना पदवीसोबत एक पुरवणीही मिळते. तिच्यात अभ्यासक्रमाची पातळी, कालावधी आणि श्रेयांक मांडलेले असतात. भाषांतरकाराला याहून चांगला आधार नाही.

पातळीचा आकडाही नीट वाचावा लागतो. फ्रान्सने २०१९ साली पातळ्यांचे क्रमांक बदलले. आधी रोमन आकडे होते आणि एक हा सर्वांत वरचा. लिसांस दुसऱ्या पातळीवर येई. आता लिसांस सहाव्या पातळीवर, मास्तेर सातव्या, डॉक्टरेट आठव्या. २०१० सालच्या सीव्हीतली ‘दुसरी पातळी’ जशीच्या तशी इंग्रजीत नेली तर युरोपीय चौकटीत ती अगदी तळाजवळची वाटेल. असा आकडा गाळून वर्षं लिहिणं बरं.

सगळ्यात नाजूक शब्द ‘निव्हो’, म्हणजे पातळीच. फ्रेंच सीव्हीत कधी कधी ‘निव्हो लिसांस’ किंवा ‘निव्हो बाक अधिक पाच’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुधा तिथपर्यंत शिक्षण झालं, पण पदवी हाती आलेली नाही. भरभर भाषांतर करताना ‘निव्हो’ गळतो आणि कागदावर पदवी येते. ‘मास्तेर एक’ लिहिणाऱ्याचंही असंच, दोनपैकी पहिलंच वर्ष झालेलं असतं. अशी ओळ दिसली की उमेदवाराला विचारूनच पुढे जावं. पदवी मिळाली नसेल तर इंग्रजीत ‘पहिलं वर्ष पूर्ण, पदवी नाही’ असं स्पष्ट लिहावं. नंतर मूळ प्रमाणपत्र मागितलं गेलं की हीच ओळ त्याला वाचवते.

गुणांना तर हात लावूच नये. फ्रान्समध्ये गुण वीसपैकी. दहाला उत्तीर्ण, बाराला ‘आसे बियां’, चौदाला ‘बियां’, सोळाला ‘त्रे बियां’, आणि या शेऱ्याला म्हणतात ‘माँस्याँ’. चौदाचे सत्तर टक्के करून ‘फर्स्ट क्लास’ लिहिण्याचा मोह होतो, पण तिथल्या विद्यापीठांत सोळा क्वचित मिळतात आणि चौदा ही चांगलीच कमाई समजतात. म्हणून ‘१४/२०, शेरा बियां’ असंच ठेवायचं. शिवाय ‘माँस्याँ’ हाच शब्द पदवीच्या विषयासाठीही वापरतात. ‘लिसांस, माँस्याँ इस्त्वार’ म्हणजे इतिहास विषयातली लिसांस. तिचं ‘इतिहासात ऑनर्स’ केलं की उमेदवाराला न मिळालेला मान चिकटतो.

राहिला प्रश्न ऑनलाइन अर्जांचा. तिथे स्पष्टीकरणाला जागा नसते, बॅचलर्स, मास्टर्स, डॉक्टरेट यांतून एकच निवडायचं असतं. लिओंच्या बाईने तिथे वर्षांच्या हिशेबाने जवळची पायरी निवडावी, म्हणजे देससाठी मास्टर्स, आणि सोबत जोडलेल्या सीव्हीत खरं नाव व पाच वर्षं लिहावीत. मालकाला अधिकृत मत हवं असेल तर ब्रिटनमध्ये यूके एनिक नावाची संस्था परदेशी पदव्यांची तुलना करून लेखी देते. अमेरिकेत हे काम अनेक खासगी संस्था करतात आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतीलच असं नाही. असं पत्र हातात आलं की मगच सीव्हीत ‘तुल्य’ हा शब्द लिहावा. तोही त्या संस्थेच्या नावानिशी आणि पत्राच्या सालासह, म्हणजे ते मत कुणाचं हे वाचणाऱ्याला कळेल.