सुवर्ण परिमाण

सुवर्ण परिमाण ही अशी चलनव्यवस्था होय, जिच्यात देशाच्या चलनाच्या एककाचे मूल्य सोन्याच्या ठराविक वजनाइतके कायद्याने निश्चित केलेले असते आणि त्या दराने चलनाच्या बदल्यात सोने देण्याची व सोन्याच्या बदल्यात चलन देण्याची हमी चलनाधिकारी देतो. या व्यवस्थेत देशात किती पैसा असावा हे शासन किंवा बँक स्वेच्छेने ठरवत नाही. सोन्याची आवक-जावक ते ठरवते. हेच या व्यवस्थेचे बळ मानले गेले आणि मंदीच्या काळात हीच तिची अडचण ठरली. भारतात १९२७ ते १९३१ या काळात तिचा एक सुधारित प्रकार, सुवर्ण धातू परिमाण, कायद्याने अमलात होता.

स्वयंचलित समायोजन

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५२ मध्ये या यंत्रणेचे विवेचन केले. एखाद्या देशाची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली की फरक सोन्याने चुकवावा लागतो. सोने बाहेर गेले की देशातील पैसा कमी होतो, पैसा कमी झाला की किमती उतरतात आणि स्वस्त झालेला माल परदेशात पुन्हा खपू लागतो. ज्या देशात सोने गेले तेथे किमती चढतात. अखेरीस व्यवहारतोल पूर्वपदावर येतो.

कागदी नोटा आल्यावर ही यंत्रणा अधिक तीव्र झाली, कारण नोटांच्या मूल्याचा काही भागच सोन्याच्या रूपाने राखीव ठेवला जाई. समजा, १०० कोटींच्या नोटा चलनात आहेत आणि कायद्याने ४० टक्के सोने, म्हणजे ४० कोटींचे, राखणे आवश्यक आहे. व्यापाऱ्यांनी ४ कोटींच्या नोटा देऊन सोने नेले, तर नोटा ९६ कोटी व सोने ३६ कोटी उरते. पण ३६ कोटींच्या आधारावर केवळ ९० कोटींच्याच नोटा ठेवता येतात. म्हणून आणखी ६ कोटींच्या नोटा परत ओढाव्या लागतात. चार कोटींचे सोने गेले आणि दहा कोटींचा पैसा आटला. हा पैसा ओढण्यासाठी बँक दर वाढवतात, सरकारी हुंड्या विकून बाजारातील रोकड शोषून घेतात. परिणामी व्यापाऱ्याला कर्ज महाग होते आणि तो माल पडेल त्या भावाने विकतो. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘किमती उतरणे’ म्हणतात ते प्रत्यक्षात असे घडते.

रुपयाचा दर: १६ की १८ पेन्स

पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स होता आणि एका पौंडाचे १५ रुपये होत. त्या वेळच्या व्यवस्थेत रुपया सोन्याऐवजी लंडनमधील स्टर्लिंगशी जोडलेला होता. तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिचे समर्थन केले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात तिच्यावर टीका केली. या व्यवस्थेत सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात, त्यामुळे रुपयाची क्रयशक्ती सुरक्षित राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. रुपयांच्या निर्मितीला कायमची मर्यादा आणि चलनात सोने, असा त्यांचा आग्रह होता. स्वेच्छेला लगाम हवा, हा त्यांचा मुद्दा आजही विचारात घेण्याजोगा आहे. मात्र तोच लगाम मंदीत किती काचतो याचा अनुभव भारताला पुढे आला.

हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ च्या कायद्याने रुपया १८ पेन्सना बांधला गेला. सरकारने सोने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै या दराने विकत घ्यावे आणि मागणी आल्यास सोने किंवा स्टर्लिंग द्यावे, असे ठरले. विक्रीची किमान मर्यादा ४०० औंस, म्हणजे सुमारे १,०६५ तोळे होती. बावीस हजारांहून अधिक रुपये एकरकमी मोजू शकणाऱ्यासाठीच ही हमी होती, हे उघड आहे. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली होती.

दोन पेन्सचा हा फरक शेतकऱ्यापर्यंत कसा पोहोचला, हे गोदावरीकाठच्या शहागडच्या उदाहरणाने समजून घेता येईल. आज जालना जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची टांकसाळ स्वतंत्र होती आणि व्यवहार हाली शिक्क्यात चाले. पण हालीचा दर ब्रिटिश रुपयाशी, म्हणजे मराठवाड्यात ज्याला ‘कलदार’ म्हणत त्याच्याशी, सुमारे ७ हालीला ६ कलदार असा राखला जाई. त्यामुळे परदेशात एका पौंडाला विकलेल्या कापसाचे १६ पेन्सच्या दराने १५ कलदार, म्हणजे साडेसतरा हाली झाले असते. १८ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै कलदार, म्हणजे साडेपंधराहून किंचित अधिक हाली होतात. कापूस तोच, परदेशातील भावही तोच. रुपयातील उत्पन्न मात्र नवव्या हिश्शाने कमी. शेतसारा आणि सावकाराचे मुद्दल यांत अशी कपात झाली नाही.

मंदी आणि स्थिरीकरणाची मर्यादा

१९२९ नंतर जगभर शेतमालाचे भाव कोसळले. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक (जुलै १९१४ = १००) १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३१ मध्ये ९६ वर आला. निर्यातीचे उत्पन्न घटल्याने रुपयावर ताण आला. अशा वेळी पैसा सैल करावा, व्याज उतरवावे, हा उपाय आज सुचतो. पण तसे केल्यास स्टर्लिंगची मागणी वाढून १८ पेन्सचा दर तुटला असता. म्हणून सरकारने नेमके उलट केले: चलन आकुंचित केले, सरकारी हुंड्या चढ्या व्याजाने विकल्या आणि इंपीरियल बँकेचा दर ८ टक्क्यांपर्यंत गेला. भाव पडत असताना पैसा आणखी आटवणे हे कोणाच्या अज्ञानामुळे घडले नाही. दराचे वचन पाळायचे तर दुसरा मार्ग नव्हता.

ह्यूमच्या यंत्रणेत एक गृहीतक दडलेले आहे: सर्व किमती एकत्र खाली येतात. प्रत्यक्षात धान्य व कापूस लवकर उतरले, पण कर्ज, सारा व भाडे रुपयांत ठरलेले असल्याने उतरले नाहीत. शंभर रुपयांचे कर्ज फेडण्यास १९२९ मध्ये जितका माल लागे, त्याच्या सुमारे दीडपट माल, वरील निर्देशांकाच्याच हिशोबाने, १९३१ मध्ये लागला. यंत्रणेची दुसरी बाजूही लंगडी होती. सोने गमावणाऱ्या देशाला पैसा आटवावाच लागे. पण अमेरिका व फ्रान्स यांच्याकडे सोने साठत असता त्यांना पैसा वाढवण्याची सक्ती नव्हती. समायोजनाचा सारा भार त्यामुळे दुर्बळ बाजूवर पडला.

१९३१ नंतर

२१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले. त्याच आठवड्यात रुपया १८ पेन्स दरानेच स्टर्लिंगला जोडण्यात आला आणि भारतातील सुवर्ण परिमाण संपले. स्टर्लिंग सोन्याच्या तुलनेत घसरल्याने सोन्याचा रुपयांतील भाव चढला व पुढील काळात तोळ्यामागे तिसाच्या वर गेला. सारा व देणी भागवण्यासाठी खेड्यापाड्यांत दागिने मोडले गेले आणि ते सोने मुंबई बंदरातून बाहेर गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतके सोने देशाबाहेर जात असूनही आता चलन आटले नाही. सोने केवळ निर्यातीचा माल झाले होते. त्याच्या विक्रीतून स्टर्लिंग मिळाले, दरावरील ताण सैल झाला आणि बँक दर १९३३ पर्यंत साडेतीन टक्क्यांवर उतरला. जुन्या नियमाने हीच जावक तीव्र चलनसंकोचाचे कारण ठरली असती. तरी १८ पेन्सची गाठ कायम राहिल्याने भाव लगेच सावरले नाहीत. १९३३ मध्ये कलकत्त्याचा निर्देशांक ८७ होता.