हा अल्बम नेमका कुणाचा?

समजा, लग्नसेवांच्या एका ऑनलाइन सूचीत पुण्याचा एक फोटोग्राफर तुम्हाला आवडला. पानावर ४० फोटो आहेत, सगळेच देखणे. आधी त्यांतली जोडपी मोजा. ३५ वेगवेगळी जोडपी निघाली आणि एकाच जोडप्याची हळद, अंतरपाट, सप्तपदी, रिसेप्शन असं सलग काहीच सापडलं नाही, तर शंका घ्या. फोटो उचलणाऱ्याकडे पूर्ण लग्न नसतं. मूळ फोटोग्राफरने जाहीर केलेले निवडक फोटोच त्याच्या हाती लागतात. अर्थात, प्रामाणिक माणूसही निवडकच मांडतो. म्हणून पुढची पायरी.

चार-पाच फोटो गूगल लेन्सवर शोधा. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओच्या पानावर आधीपासून असेल, तर उत्तर मिळालं. हा शोध चुकवायला फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात. तो ओळखायला पदर पाहा. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. तो उजवीकडे दिसला, तर फोटो उलटा असण्याची शक्यता मोठी. (गुजराती पद्धतीचा पदर मात्र मुळातच उजवीकडे येतो.) असा फोटो मोबाइलवर पुन्हा सुलटा करून शोधा. काहीच सापडलं नाही, म्हणून फोटो त्याचाच ठरत नाही. इन्स्टाग्रामवरचे कितीतरी फोटो या शोधात येतच नाहीत.

आता अभिप्राय. ते 'नवीन आधी' या क्रमाने लावून तारखा पाहा. वर्षभर शांतता आणि एका आठवड्यात पंधरा कौतुकं, हे लग्नसराईच्या चालीशी जुळत नाही. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे इतर अभिप्रायही वाचा. त्याच आठवड्यात तो इंदूरच्या केटररला आणि कोचीच्या मेकअपवालीलाही पाच तारे देत असेल, तर तो वऱ्हाडी नव्हे. खऱ्या अभिप्रायात कार्यालयाचं नाव असतं, अल्बम किती महिन्यांनी आला ते असतं, बारीकशी तक्रारही असते. सूचीतल्या 'व्हेरिफाइड' या शिक्क्यावर विसंबू नका; पडताळणी फोन नंबरची झाली की कामाची, ते सूचीवाल्यांना विचारा.

शेवटची कसोटी प्रत्यक्ष भेटीत. अलीकडच्या एखाद्या लग्नाचे सगळे फोटो दाखवायला सांगा. भर दुपारी मांडवात, ट्यूबलाइटच्या उजेडात, पंगतीच्या गर्दीत त्याचा हात कसा चालतो, ते तिथे कळतं. मग त्यातल्याच एका फोटोची रॉ फाइल लॅपटॉपवर पाहायला मागा. निकॉनची .NEF, कॅननची .CR3, सोनीची .ARW अशी ती असते. वेबवरून उचललेल्या फोटोची रॉ फाइल उचलणाऱ्याकडे नसते. जागेअभावी जुन्या रॉ फाइली अनेक जण पुसतात, म्हणूनच लग्न अलीकडचं हवं.

एक शक्यता तरीही उरते: फोटो त्यानेच काढलेले, पण दुसऱ्या स्टुडिओचा मदतनीस म्हणून. ती फसवणूक नाही, मात्र ते काम कुणाच्या देखरेखीखाली झालं, हे त्याने सांगायला हवं. तुमच्या लग्नात कॅमेरा कुणाच्या हाती असेल, त्याचं नाव करारात लिहून घ्या आणि मगच ॲडव्हान्स द्या.