चौकटीच्या काठावरच्या चार जोड्या

ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या दोन शुद्ध वाणांचा संकर केला. एका वाणाचे दाणे गोल आणि पिवळे, दुसऱ्याचे सुरकुतलेले आणि हिरवे. पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल-पिवळे निघाले. ते पेरून आलेल्या 15 झाडांवर स्वपरागणाने 556 दाणे धरले: 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि 32 सुरकुतलेले-हिरवे. कधी कधी एकाच शेंगेत चारही प्रकार सापडत. हे काम मेंडेल यांनी 1865 मध्ये वाचून दाखवलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. द्विसंकर, म्हणजे दोन लक्षणांचा एकत्र संकर, समजून घ्यायचा तर आजही या 556 दाण्यांपासूनच सुरुवात करावी, कारण पुस्तकातलं 9:3:3:1 हे गुणोत्तर ज्याचं उत्तर आहे, तो प्रश्न या दाण्यांत आहे.

ते उत्तर मांडण्याची चौकोनी पद्धत केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांची. सोळा घरांचा तक्ता बघून विद्यार्थी बिचकतात. खरं तर घरं भरणं हे निव्वळ हातकाम आहे. विचार लागतो तो वरच्या आणि डाव्या काठावर काय लिहायचं यासाठी, आणि बहुतेक उत्तरं तिथेच बिघडतात.

गोल आकाराच्या प्रभावी जनुकाला R म्हणू, सुरकुतलेल्याला r. पिवळ्या रंगाला Y, हिरव्याला y. पहिल्या पिढीच्या झाडात दोन्ही लक्षणांचा एकेक जनुक प्रत्येक पालकाकडून आलेला, म्हणून ते झाड RrYy. आता त्याचे युग्मक, म्हणजे परागातल्या आणि बीजांडातल्या लिंगपेशी, कोणते? युग्मकात प्रत्येक जोडीतला एक आणि एकच जनुक जातो. आकाराच्या जोडीतून एक, रंगाच्या जोडीतून एक. त्यामुळे काठावरच्या प्रत्येक युग्मकात दोनच अक्षरं हवीत आणि ती दोन वेगळ्या जोड्यांतली हवीत. Rr असं लिहिलं, तर त्या युग्मकात आकाराचे दोन जनुक आले आणि रंगाचा एकही नाही. असा युग्मक या झाडात तयारच होत नाही.

चुकू नये म्हणून एक क्रम ठेवावा. आधी R हातात धरावा आणि त्याच्याबरोबर Y, मग y लावून पाहावा: RY, Ry. मग r घ्यावा आणि तेच करावं: rY, ry. झाले चार. दोन्ही पालक RrYy असल्याने हेच चार वरच्या काठावर आणि हेच डाव्या काठावर.

| | RY | Ry | rY | ry |
|---|---|---|---|---|
| RY | RRYY | RRYy | RrYY | RrYy |
| Ry | RRYy | RRyy | RrYy | Rryy |
| rY | RrYY | RrYy | rrYY | rrYy |
| ry | RrYy | Rryy | rrYy | rryy |

घर भरताना आकाराची अक्षरं आधी, रंगाची नंतर, आणि जोडीत मोठं अक्षर पुढे ठेवावं. RYry असं लिहिलं तर ते चूक नसतं, पण मोजताना डोळे फसतात. तक्ता बरोबर आहे का, हे कर्णांवरून कळतं. डावीकडून वरून खाली येणाऱ्या कर्णावर चार शुद्ध प्रकार येतात: RRYY, RRyy, rrYY, rryy. दुसऱ्या कर्णावर चारही घरांत RrYy. काठावर युग्मक याच क्रमाने लिहूनही तसं दिसलं नाही, तर काठाकडे परत जावं.

पालक नेहमीच RrYy नसतात. RrYY या झाडाचे युग्मक दोनच, RY आणि rY, कारण रंगाच्या जोडीत निवडीला वाव नाही. अशा वेळी ओढूनताणून चार रकाने करण्याचं कारण नाही.

आता दृश्यरूप, म्हणजे दाणा डोळ्यांना कसा दिसतो ते. घरात एक जरी R असेल तर दाणा गोल, एक जरी Y असेल तर पिवळा. दोन्ही असलेली घरं नऊ. R आहे पण Y नाही, अशी तीन. Y आहे पण R नाही, अशीही तीन. दोन्ही नसलेलं एकच, अगदी खालच्या कोपऱ्यातलं. पडताळा सोपा आहे: फक्त आकार पाहिला तर 12 गोल आणि 4 सुरकुतलेले, म्हणजे 3:1; फक्त रंग पाहिला तरी 3:1 यायला हवं.

सोळा घरं म्हणजे सोळा दाणे नव्हेत. प्रत्येक घर ही सारखीच एक शक्यता आहे. 556 दाण्यांचे सोळा भाग केले तर एक भाग 34.75 चा. त्या हिशेबाने अपेक्षा सुमारे 313, 104, 104 आणि 35 ची. मेंडेल यांचे आकडे यांच्या किती जवळ आहेत, ते ताडून पाहावं.

मला याहून मोलाचं वाटतं ते त्यांनी पुढच्या वर्षी केलेलं काम. नऊ गोल-पिवळी घरं बाहेरून सारखी दिसतात, पण आतून ती RRYY एक, RRYy दोन, RrYY दोन आणि RrYy चार अशी आहेत. मेंडेल यांनी ते 315 दाणे पेरले. त्यांतल्या 301 झाडांना दाणे धरले. 38 झाडांनी फक्त गोल-पिवळे दाणे दिले, 65 झाडांचे दाणे गोलच पण पिवळे आणि हिरवे होते, 60 झाडांचे पिवळेच पण गोल आणि सुरकुतलेले होते, आणि 138 झाडांवर चारही प्रकार आले. 1:2:2:4 याच्या अगदी जवळ. पनेट यांचा तक्ता तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तरी त्याचं घरन् घर मातीत तपासून झालं होतं.

हे सगळं एका अटीवर उभं आहे: चारही युग्मक सारख्याच प्रमाणात तयार व्हायला हवेत. वाटाण्यात आकाराचा आणि रंगाचा जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. लिंगपेशी बनताना एका गुणसूत्र-जोडीची वाटणी दुसरीच्या वाटणीकडे पाहत नाही, म्हणून R ला Y जितक्या वेळा भेटतो तितक्याच वेळा y भेटतो. अट थेट तपासायची असेल तर RrYy चा संकर rryy शी करावा. rryy कडून फक्त ry येतो, त्यामुळे दाणा जसा दिसतो तसा दुसऱ्या पालकाचा युग्मक होता, हे उघड होतं. मेंडेल यांनी असा संकर केला तेव्हा 31, 26, 27 आणि 26 दाणे मिळाले. चार प्रकार, जवळपास समान.

दोन्ही जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील, तर ही अट मोडते. स्वतः पनेट, विल्यम बेटसन आणि एडिथ साँडर्स यांना ते स्वीट पीच्या फुलझाडांत दिसलं. जांभळं फूल आणि लांबट परागकण ही लक्षणं प्रभावी, लाल फूल आणि गोल परागकण अप्रभावी. दुसऱ्या पिढीच्या 381 झाडांमध्ये अपेक्षा होती सुमारे 214, 71, 71 आणि 24 ची. मिळाली 284 जांभळी-लांबट, 21 जांभळी-गोल, 21 लाल-लांबट आणि 55 लाल-गोल. मधले दोन गट घटलेले, टोकाचे दोन फुगलेले. मूळ पालकांतल्या जोड्या एकत्रच राहू पाहत होत्या. फक्त RY आणि ry हे दोनच युग्मक लिहिणारा विद्यार्थी वाटाण्याच्या गणितात चुकतो, पण दोन जनुक एकमेकांना इतके चिकटलेले असतील की कधीच वेगळे होत नाहीत, तर त्याचा 3:1 हाच तक्ता बरोबर ठरतो. स्वीट पी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होती: चारही युग्मक बनत होते, पण दोन भरपूर आणि दोन मोजके. त्याचं कारण पुढे थॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाश्यांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. गुणसूत्रांच्या जोड्या आपापसांत तुकडे बदलतात, आणि दोन जनुक जितके जवळ, तितकी ही अदलाबदल त्यांच्या मधून होण्याची शक्यता कमी.