सोसायटीच्या पत्रात अँपिअर लिहा

ई-स्कूटरसाठी चार्जिंग पॉइंट मागणाऱ्या पत्रात पर्यावरणापेक्षा विजेचा हिशेब आधी हवा, कारण कमिटीला खरी धास्ती लोडची आणि आगीची असते.

समजा, बॅटरी ३ युनिटची आणि चार्जर ७५० वॉटचा आहे. ७५० ला २३० व्होल्टने भागलं की जेमतेम सव्वातीन अँपिअर येतात. २००० वॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. चार्जरमधली घट धरून पूर्ण चार्जिंगला साधारण साडेतीन युनिट लागतात. पत्रात हे लिहा आणि वायर स्वतःच्या मीटरवरून किंवा सबमीटर लावून घेण्याची तयारी दाखवा. म्हणजे बिलाचा वाद उरत नाही.

धोका असतो तो सैल सॉकेटचा. पाच तास सलग करंट वाहिला की ढिल्या जोडापाशी उष्णता साचते. पिन तापते, सॉकेटची कड पिवळी पडते. म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट, चांगलं अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मागा. खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शन वायर नकोच.

जागा छपराखालची मागा आणि त्याचं कारणही स्पष्ट लिहा: सॉकेटवर पाऊस नको, आणि उन्हात सतत तापणारी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. जागा मात्र जिन्यापासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून दूरची सुचवा.